ट्रेनी सेल्समनचा सहा महिन्यांचा रिव्ह्यू: आकडा शेवटी बघा

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात शेती-औषधं विकायला जुलैला लागलेला ट्रेनी डिसेंबरात हमखास हुशार दिसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाची औषधं तशीही खपतात, त्यात पोराचं कर्तृत्व किती हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून असं करा:

१. त्याचे दुसऱ्या आणि सहाव्या महिन्याचे डेली रिपोर्ट काढा आणि त्याच पाच दुकानांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. आधी ‘भेट झाली, ऑर्डर नाही’ असायचं. आता ‘बुरशीनाशकाच्या ४ पेट्या पडून, मणेराजुरीत पुढच्या आठवड्यात फवारणी, तेव्हा फोन’ असं असेल, तर पोरगं शिकलंय. सहाव्या महिन्यातही ‘भेट झाली’च असेल, तर भेट खरंच झाली का, ते दुकानदाराला सहज विचारून घ्या.

२. एक दिवस त्याच्या रूटवर त्याच्याबरोबर जा, पण दुकानात तोंड उघडू नका. (हे साहेब लोकांना सर्वात अवघड.) तो आधी रॅक बघतो की थेट स्कीम सांगतो? उधारीचा विषय स्वतः काढतो का?

३. परतताना विचारा, ‘कुठली दोन दुकानं सोडून द्यावीत, आणि का?’ कारणासकट नावं सांगणाऱ्याला पुढे स्वतंत्र तालुका देता येतो. ‘सगळी चांगली आहेत सर’ म्हणणाऱ्याला अजून एक हंगाम सीनियरच्या हाताखाली ठेवा.

मात्र शेवटी आकड्यासाठी बिलं बघताना दुकानातला शिल्लक माल मोजा. महिनाअखेरीला दुकानदाराच्या गळ्यात मारलेल्या पेट्या हंगाम संपल्यावर परत येतात.