हिरडी अचानक ठणकू लागली, टोकं झडू लागली तर काय करावं

लातूरला नीटची तयारी करणारा १९ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. परीक्षा तोंडावर, झोप चार तास, जेवणाला दांडी आणि दिवसाला सात-आठ सिगारेटी. एका सकाळी हिरड्या इतक्या ठणकतात की भाकरीचा घास चावता येत नाही. उशीवर रक्ताचे डाग, तोंडाला धातूसारखी चव आणि इतका घाण वास की शेजारी बसलेल्यालाही कळावा.

आधी आरशात नीट पाहा. दोन दातांमधलं हिरडीचं टोकदार टोक पंचने कापल्यासारखं खचलं असेल, त्यावर करडा-पांढरा थर असेल आणि थर निघताच रक्त येत असेल, तर हा व्रणयुक्त, ऊती झडणारा हिरडीदाह असण्याची दाट शक्यता आहे. साध्या हिरडीदाहात रक्त येतं, पण असा ठणका नसतो. लहान मुलाच्या ओठांवर, जिभेवर पाण्याचे फोड असतील तर बहुधा तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा आजार असतो. त्यावर पुढे सांगितलेली औषधं चालत नाहीत.

ऊती झडणाऱ्या हिरडीदाहातले जंतू तोंडात एरवीही असतात. ताण आणि जागरणाने प्रतिकारशक्ती ढासळते, सिगारेटने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, आणि मग ते डोकं वर काढतात. दुखतं म्हणून ब्रश सुटतो, मळ साचतो, दुखणं आणखी वाढतं. ठणक्यावर तंबाखूची चिमूट किंवा मशेरी दाबून धरू नका. लवंगतेलही उघड्या जखमेला पोळतं.

त्याच दिवशी दंतवैद्य गाठा. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पहिल्या भेटीत बधिर करणारं जेल लावून थर हलक्या हाताने पुसतात आणि वरवरचा मळ काढतात. खोल सफाई त्या दिवशी करत नाहीत, दात काढणंही शक्यतो पुढे ढकलतात.

घरी तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच कोमट पाण्यात मिसळून पहिले दोन-तीन दिवस दर दोन तासांनी चूळ भरा, गिळू नका. सकाळ-संध्याकाळ ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन १० मिली घेऊन मिनिटभर खळखळवा. टूथपेस्टनंतर मध्ये अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर क्लोरहेक्सिडीनचा असर कमी होतो. अगदी मऊ ब्रश वापरा. ताप असेल किंवा जबड्याखाली गाठी आल्या असतील तर डॉक्टर बहुधा मेट्रोनिडॅझोल ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, काही दिवस देतात. त्या काळात दारू पूर्ण बंद.

घात होतो तो इथेच. गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत दुखणं विरतं आणि माणूस परत जात नाही. दगडासारखा साचलेला मळ मात्र तिथेच राहतो, सिगारेट सुरूच असते, आणि पुढच्या जागरणात आजार उलटतो. दर वेळी टोकं आणखी खचतात. त्या खड्ड्यात अन्न अडकतं आणि आजार हाडापर्यंत उतरू शकतो. म्हणून दोन दिवसांनी तपासणी आणि आठवड्याच्या आत पूर्ण सफाई करून घ्या.

वारंवार होत असेल किंवा ताण-तंबाखूचं कारणच सापडत नसेल, तर एचआयव्ही आणि रक्ताची तपासणी करा. कुपोषित मुलाच्या गालावर सूज किंवा काळा डाग दिसला तर तासही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्या.