सोयाबीन वाळल्यावर किती भरेल? वजाबाकी करू नका

मळणी झाली की कराड, इस्लामपूरकडे सर्रास असा हिशोब होतो: ओलावा १८ टक्के, वाळवून १२ वर आणायचा, म्हणजे ६ टक्के घट. हा हिशोब चुकतो, आणि घट प्रत्यक्षात जास्त निघते. कारण ते १२ टक्के वाळलेल्या, कमी झालेल्या वजनाचे असतात, सुरुवातीच्या नव्हे.

उन्हात फक्त पाणी उडतं, दाण्यातला कोरडा भाग तेवढाच राहतो. तोच धरून चला. समजा माल २० क्विंटल, म्हणजे २००० किलो.

१. १०० मधून आत्ताचा ओलावा वजा करा: ८२. म्हणजे कोरडा भाग १६४० किलो.
२. १०० मधून हवा असलेला ओलावा वजा करा: ८८.
३. १६४० ला ८८ ने भागून १०० ने गुणा: साधारण १८६४ किलो.

साध्या वजाबाकीने १८८० आले असते. सोळा किलोंचा फरक.

भाव ठरवतानाही हेच ८२/८८ कामी येतं. वाळलेल्या मालाला ४४०० भाव असेल, तर ओल्याचा बरोबरीचा भाव ४१००. त्याखाली कोणी मागत असेल तर वाळवणं परवडतं का ते बघा. मजुरी आणि उधळणारा कचरा मात्र वेगळा धरा.

लाकडाला हे सूत्र लावू नका. तिथे ओलावा बहुधा कोरड्या वजनावर मोजतात, म्हणून वजाऐवजी अधिक करायचं: वजन × (१०० + नंतरचा ओलावा) ÷ (१०० + आधीचा ओलावा).