भक्तीच्या शॉर्ट्समध्ये विनोद करताय? मग या चुका टाळा

गणपती जवळ आले की आरतीवरचे शॉर्ट्स धडाधड यायला लागतात आणि त्यात एक विषय दरवर्षी हमखास चालतो, आपण आरतीत काय काय चुकीचं म्हणतो तो. "फणिवरबंधना"चं "फळीवर वंदना", "लवथवती"चं "लवलवती", "संकटी पावावे"चं "संकष्टी पावावे", आणि सगळ्यात भारी म्हणजे "वाट पाहे सदना"च्या जागी "वाट पाहे सजणा". घरोघरी हे झालेलं आहे त्यामुळे हसू आपोआप येतं. पण गंमत अशी की याच विषयावर एका चॅनेलला "आईला पाठवला, ती पण हसली" अशा कमेंट येतात आणि दुसऱ्याला "देवाची थट्टा बंद करा". शब्द तेच, चूक तीच, मग बिघडतं कुठे? हे एकच उदाहरण घेऊन बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यातच येतं.

हसू कोणावर येतंय?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मंडळात आरती चाललीय, एक काका डोळे मिटून, टाळ्या वाजवत, खणखणीत आवाजात "फळीवर वंदना" म्हणतायत, आणि आपण लांबून झूम करून त्यांचा चेहरा घेतला, भोवती लाल गोल काढला, वर हसण्याचा आवाज टाकला. आपल्याला वाटतं आपण शब्दांच्या चुकीवर हसतोय. बघणाऱ्याला दिसतं ते वेगळंच, एक माणूस मनापासून देवासमोर उभा आहे आणि कोणीतरी त्याला न विचारता त्याचं हसं केलंय. त्यांचे डोळे मिटलेले आहेत हेच सगळ्यात जास्त टोचतं. तो माणूस कोणाचे तरी आजोबा, कोणाचे तरी वडील असतो, आणि बघणाऱ्याला त्यात आपलेच आजोबा दिसतात.

आता तोच जोक उलटा करा. चुकणारे तुम्हीच व्हा. मामा झोकात आरती म्हणतोय, "फळीवर वंदना"ला तर जास्तच जोर लावतोय, शेजारची भाची टाळ थांबवते आणि विचारते, "मामा, फळीवर कोण बसलंय?" मामा म्हणतो, "अगं बाप्पा! पाटावर बसवलाय ना आपण, पाट म्हणजे फळीच की." भाची कपाळाला हात लावते आणि सांगते, "फणिवरबंधना रे. म्हणजे ज्याने पोटाला नाग बांधलाय तो." मग मामा वाकून मूर्तीकडे बघतो, कॅमेरा हळूच पोटावर जातो, तिथे खरंच नाग आहे, आणि मामाचा चेहरा बघण्यासारखा होतो. एवढंच, पस्तीसेक सेकंदात बसतं. इथे हसू मामावर आहे, मामा स्वतःहून हसवतोय, आणि शेवटी बघणाऱ्याला एक गोष्ट नवीन कळते जी तो उद्याच्या आरतीत वापरणार. फक्त शूट करायच्या आधी आपल्या मूर्तीला नाग आहे ना ते बघून घ्या, सगळ्या मूर्तींना नसतो, नसेल तर "वाट पाहे सदना" घ्या, तिथे दाखवायला घराचा उंबरठा पुरतो.

ही युक्ती काही आपण शोधलेली नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं लिहिली त्यातली भवानी आईला रोडगा कबूल करणारी बाई आठवा, ती एकेक सासरच्या माणसाची वासलात लावायला देवीलाच सांगते आणि शेवटी मला एकटीलाच राहू दे म्हणते. माणसं खोखो हसतात, पण देवीला कुठेच धक्का नाही. हसू आहे ते नवस करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच.

देवाच्या अंगावर जोक नको

पोट, सोंड, रंग, उंची यावरचे जोक लिहायला फार सोपे असतात आणि म्हणूनच ते टाळायचे. "बाप्पाचं डाएट", "जिम लावा बाप्पा" वगैरे. आणि बघा ना, आपल्याकडे तर याची गोष्टच आहे. मोदक खाऊन बाप्पा उंदरावरून निघाले, उंदीर सापाला बुजला, बाप्पा पडले, मग तोच साप पोटाला बांधला, आणि वर आकाशात चंद्र हसला. पुढे काय झालं ते चतुर्थीला चंद्र न बघणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. ज्या गोष्टीत पोटावर हसणाऱ्यालाच शाप मिळालाय ती ऐकत मोठे झालेल्या लोकांना तुम्ही पोटावरचा जोक दाखवताय, मग कमेंटमध्ये काय येणार!

मोदकांवर मात्र बिनधास्त खेळा. मोदक करताना कळी न पडणं, उकड फाटणं, एकवीस मोदकांतले चार नैवेद्याआधीच गायब होणं, हे सगळं माणसांच्या बाजूचं आहे. उंदीरमामा पण चालतो, त्याला बोलता करा, त्याला दमवा, दहा दिवस ट्रॅफिकमध्ये अडकवा, कोणी काही म्हणत नाही.

देवाला बोलता करायचं असेल तर फार सांभाळून. फोटोतल्या मूर्तीचे ओठ हलवणं, गॉगल घालणं, नाचवणं, हे लहान मुलांच्या कार्टूनमध्ये चालून जातं कारण ते चित्र असतं. पण दगडूशेठची किंवा पंढरपूरच्या विठ्ठलाची मूर्ती ओळखू आली की लोकांना ते चित्र वाटत नाही, तिथे ते स्वतः जाऊन डोकं टेकवून आलेले असतात. भक्त देवाशी भांडला तर मात्र चालतं, अगदी मोकळेपणाने चालतं, आपल्या संतांनीच विठ्ठलाला कमी ऐकवलेलं नाही. वारीहून आलेली आजी "अठ्ठावीस युगं उभा आहेस, तुला पाय दुखत नाहीत का रे, माझे बघ" असं म्हणाली तर त्यात लाडच आहे. तेच वाक्य विठ्ठलाच्या तोंडी विनोदी आवाजात टाकलं की विठ्ठल तक्रार करणारा झाला, आणि लाड गेला.

लूपमध्ये होणारा घोळ

ही चूक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. शॉर्ट संपला की लगेच पहिल्यापासून सुरू होतो, म्हणजे तुमची शेवटची फ्रेम आणि पहिलं वाक्य एकमेकांना चिकटून येतात. समजा मामाच्या शॉर्टची सुरुवात तुम्ही "हे ध्यान बघा जरा" अशी केली, मामाला उद्देशून, आणि शेवट केला बाप्पाच्या चेहऱ्यावर. दुसऱ्यांदा चालू झाला की डोळ्यासमोर अजून बाप्पाचा चेहरा आहे आणि कानावर येतंय "हे ध्यान बघा". तुम्ही कधीच म्हटलं नव्हतं, पण लोकांनी ऐकलं. एडिटिंग करताना हे कळत नाही कारण तिथे आपण प्लेहेड मागे नेऊन तुकड्यातुकड्याने बघतो. फोनवर घेऊन सलग तीन वेळा चालू द्या आणि जोडावर कान ठेवा. उपाय सोपा आहे, शेवटची सेकंदभर फ्रेम हात जोडलेल्या मामाची किंवा नुसत्या निरांजनाची ठेवा, नाहीतर पहिलं वाक्य अर्धा सेकंद उशिरा येऊ द्या.

तसंच मजकुराचं. स्क्रीनच्या खालच्या भागात चॅनेलचं नाव आणि टायटल येतं, उजवीकडे बटणं, त्यामुळे आपण मजकूर वर सरकवतो आणि तो नेमका मूर्तीच्या तोंडावर जाऊन बसतो. चुकीचे शब्द म्हणजे "फळीवर वंदना" हे मामाच्या बाजूला, छोट्या अक्षरात. बरोबर शब्द शेवटी, मोठे, आणि तेव्हा मूर्ती शेजारी असली तर उत्तमच.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. आरतीच्या ओळीवर किंवा नामगजरावर हसण्याचा, भोंग्याचा, "टँय" असा कुठलाच आवाज चढवायचा नाही. ओळ संपू द्या, क्षणभर गप्प राहा, मग जोक. आरतीचा वेग वाढवून गंमत करणं पण नको, भले पंगत वाढून ठेवल्यावर आपल्या सगळ्यांच्या घरी आरती त्याच वेगाने होत असेल. ती गंमत दाखवायचीच असेल तर घरच्यांकडून तशी म्हणवून घ्या, यंत्राने पळवू नका.

जिथे हलका विनोद चालतच नाही

अंगात येणं, वारकऱ्याच्या पायाला फोड येणं, दर्शनाच्या रांगेत रडणारी बाई, नवसासाठी लोटांगण घालणारा माणूस. तुम्हाला त्यातलं काही पटत नसेल तर नीट लेख लिहा, व्हिडिओत स्पष्ट बोला, पण ते विनोदी म्युझिक लावून तीस सेकंदात उरकू नका. विसर्जनाचं तर विचारूच नका, किनाऱ्यावर आलेल्या भंगलेल्या मूर्तींवर गमतीचं गाणं लावलं की पर्यावरणाचा तुमचा मुद्दा कितीही खरा असला तरी ऐकायला कोणी थांबत नाही. आणि आपला देव विरुद्ध त्यांचा देव असली तुलना हसण्यावारी सुद्धा नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये धार्मिक भावना जाणूनबुजून, वाईट हेतूने दुखावण्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचा हेतू तसा नसतोच, पण हेतू काय होता ते पोलीस स्टेशनात बसून समजावत राहणं ही काही मजा नाही.

कमेंट बिघडायला लागल्या तर

आधी बघा लोक नेमकं कशावर बोलतायत. "शेवटी जे दाखवलं ते बरं नाही वाटलं" असं कोणी फ्रेम दाखवून सांगत असेल तर ती कमेंट सोन्यासारखी आहे, बहुतेक वेळा तो माणूस तुमचाच प्रेक्षक असतो. नुसत्या शिव्या असतील आणि सगळ्या एकदम, एकाच सुरात येत असतील तर कोणीतरी तुमचा शॉर्ट कुठल्या तरी ग्रुपवर एक ओळ लिहून टाकलाय, तिथे मजकुरापेक्षा ती ओळ बोलतेय. आणि हसण्याच्या इमोजी ढीगभर पण "गणपती बाप्पा मोरया" एकही नाही, असं दिसलं तर तुमचा शॉर्ट कॉमेडी म्हणून फिरतोय, पुढची दुखावलेली कमेंट वाटेत आहे असं समजा आणि टायटल बघा. "बाप्पा झाले शॉक" असलं काही असेल तर बदलून "आरतीतली ही ओळ तुम्ही कशी म्हणता?" करा. टायटल नंतर बदलता येतं.

व्हिडिओची फाइल मात्र त्याच लिंकवर बदलता येत नाही, त्यामुळे फ्रेमच चुकली असेल तर शॉर्ट प्रायव्हेट करा, दुरुस्त करून नवीन टाका, जुने व्ह्यूज गेले तर जाऊ देत. कमेंट बंद करू नका, लोक मग दुसरीकडे जाऊन बोलतात आणि तिथे तुम्ही नसता. उत्तरात "तुम्हाला विनोद कळत नाही" हे वाक्य तर अजिबात नको, आणि "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे पण नको, ते सरकारी पत्रासारखं वाटतं. "शेवटची फ्रेम चुकलीच माऊली, काढलीय, नवीन टाकलाय" एवढं लिहा आणि पिन करा.