रीचेकिंगचा मेल लिहिताना या चुका टाळा

चाचणीच्या वह्या परत दिल्या की संध्याकाळपर्यंत माझ्याकडे मेल येऊ लागतात. जळगावात शिकवायला लागल्यापासून एक वाक्य मला पाठ झालंय: ‘मन्हं गणित बरोबर शे, सर.’ पण बरेचदा ते पूर्ण बरोबर नसतं. मेल तिथेच फसतो.

यंदाच्या चाचणीतलं ८ मार्कांचं उदाहरण घ्या. x एकर कापूस आणि y एकर मका लावायचा, नफा जास्तीत जास्त हवा:

```
Z = 5x + 4y
x + y ≤ 10
2x + y ≤ 16
x, y ≥ 0
```

पहिली अट जमिनीची, दुसरी मजुरांची. दोन रेषा (6, 4) वर छेदतात आणि Z = 46 येतो. एका मुलीने x = 6 बरोबर काढला, पण घाईत y = 3 लिहिला. पुढे तिने चारही कोपऱ्यांवर Z काढला, 42 सगळ्यात मोठा ठरवला आणि उत्तर लिहिलं. मिळाले ३, फक्त मांडणीचे.

तिचा पहिला मेल असा होता: ‘सर, पूर्ण गणित बरोबर आहे, मैत्रिणीला ७ आहेत, प्लीज मार्क वाढवा.’ गणित पूर्ण बरोबर नव्हतं, हे वही उघडताच दिसलं. मैत्रिणीच्या वहीवरून हिचे मार्क ठरत नाहीत. पान क्रमांकही नव्हता. खरी तक्रार मात्र मेलमध्ये आलीच नव्हती: आलेखाचा कागद वहीच्या शेवटी बांधलेला होता आणि तपासताना तो माझ्या नजरेतून सुटला होता!

‘नेमकं काय तपासायचं ते लिही,’ एवढंच मी कळवलं. दुसरा मेल आला:

> विषय: चाचणी १, प्रश्न ४, पुनर्तपासणीची विनंती
>
> सर, नमस्कार. (6, 3) हा छेदबिंदू माझा चुकला आहे, तो मार्क मी मागत नाही. आलेख वहीच्या शेवटच्या कागदावर आहे, त्याचे २ मार्क दिलेले दिसत नाहीत. पान ७ वरचा Z चा तक्ता आणि निष्कर्ष त्या चुकीच्या बिंदूवर, पण बरोबर पद्धतीने केले आहेत. त्यांना पद्धतीचे मार्क मिळू शकतील का, कृपया पाहावे.

यात आधी आपली चूक कबूल केली आहे, म्हणून बाकीचं मन लावून वाचलं जातं. एक सांगून ठेवतो, चुकीचा आकडा पुढे नेल्यावर पद्धतीचे मार्क द्यायचे की नाही हे त्या पेपरच्या गुणयोजनेवर असतं. तेव्हा ‘मिळायलाच हवेत’ लिहू नका. शिवाय हे सगळं कॉलेजच्या अंतर्गत चाचणीपुरतं आहे. विद्यापीठाच्या पेपरसाठी सरांना मेल करून काही होत नाही, तिथे फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्जच करावा लागतो, तोही मुदतीत.

तिला आलेखाचे २ आणि तक्त्याचा १ असे मिळून ६ झाले. निष्कर्षाचा मार्क मी दिला नाही. ६ एकर कापूस आणि ३ एकर मका लावला तर दहातला एक एकर पडीक राहतो, आणि मजुरांच्या अटीतही 16 पैकी 15 च वापरले जातात. रेषांच्या छेदबिंदूवर असं होऊच शकत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.