तुरीच्या हंगामातली दालमिल आणि पहिल्या वर्षीचा घसारा

पुण्या-मुंबईहून विदर्भातल्या गावात येऊन मिनी दालमिल टाकणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत. तूर बाजारात येते ती डिसेंबर-जानेवारीपासून. त्यामुळे मशीनही बहुतेक जण दिवाळीनंतरच घेतात, आणि हिशेबाचा पहिला घोळ तिथेच होतो.

आधी एक गोष्ट तपासा. तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर, म्हणजे रोखीच्या विक्रीवर ८ आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरून आयकर भरणार असाल, तर घसारा वेगळा मागता येत नाही. तो त्या टक्क्यांतच मिळाला असं धरलं जातं, आणि मशीनची वहीतली किंमतही दरवर्षी त्याप्रमाणे उतरते. पुढचं सगळं पूर्ण वह्या ठेवणाऱ्यांसाठी.

मशीन भांडवली खर्चात जाते हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते तिच्या आजूबाजूच्या खर्चात. समजा मशीन ३,००,००० रुपयांची आहे (जीएसटीचं क्रेडिट घेणार नसाल तर तो कर धरून). अकोल्याहून गावापर्यंतचं भाडं ९,०००, पाया बांधायला १८,०००, मिस्त्रीची फिटिंग ८,०००. भाडं वाहतूक खर्चात आणि पाया दुरुस्तीत टाकायचा मोह होतो. पण मशीन चालू होईपर्यंत तिच्यासाठी जे लागलं ते तिच्या किमतीतच धरायचं. कर्जाचं तोवरचं व्याजसुद्धा. ते व्याज बाजूला ठेवलं तरी किंमत झाली ३,३५,०००. मशीनसाठी सरकारी अनुदान १,०५,००० मिळालं, तर तेवढी वजा होऊन घसाऱ्यासाठी उरतात २,३०,०००. अनुदानाच्या पैशांवर घसारा मिळत नाही.

पायाचे १८,००० गवंड्याला एकाच दिवशी रोख दिले, तर ती रक्कम किमतीत धरताच येणार नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं की ते घसाऱ्यातून बाद. चेक किंवा यूपीआयने द्या.

आता हंगामाची गोष्ट. मशीनरीचा दर १५ टक्के. पण ज्या आर्थिक वर्षात घेतली त्यात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर दर निम्मा. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत ती चालू झाली पाहिजे. जानेवारीत पहिला घाणा निघाला, तर साडेसात टक्क्यांनी १७,२५० रुपये मिळतील, आणि पूर्ण दराने ३४,५०० मिळाले असते. हे पाहून काही जण सप्टेंबरातच मशीन आणतात. आमच्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे. उरलेला घसारा बुडत नाही. २,१२,७५० ही शिल्लक पुढे जाते आणि पुढच्या वर्षी तिच्यावर १५ टक्के, म्हणजे सुमारे ३१,९१३ मिळतात. २० टक्के कर लागत असेल तर यंदा वाचणारा कर ३,४५० रुपये, तोही फक्त लवकर मिळालेला. उलट २ लाखांच्या कर्जावर ११ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज ५,५०० होतं, आणि त्या काळात मिलमध्ये तूर नसते. शिवाय मशीन आणून झाकून ठेवली तर वापर झालाच नाही. पहिला घाणा, त्याची तारीख आणि वीजबिलाचं युनिट वहीत लिहून ठेवा.

मिल चालू झाल्यावर मात्र उलटी चूक होते: साधी दुरुस्तीही मशीनच्या किमतीत चढवतात. एमरी रोलरवर पुन्हा थर चढवणं, पट्टे, बेअरिंग, चाळण्या, कमी व्होल्टेजमुळे जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग, हे सगळं त्याच वर्षी पूर्ण खर्ची पडतं. मशीन होती तशी चालती राहिली, एवढंच त्याने साधतं. ५ एचपीची मोटार बदलून तेवढीच बसवली तरी ती दुरुस्तीच. जास्त माल निघावा म्हणून १० एचपीची मोटार आणि मोठा रोलर बसवला, की तो भांडवली. पूर्ण मशीनच बदलून तिला दुरुस्ती म्हणता येत नाही. सूतगिरणीच्या यंत्राबाबत सुप्रीम कोर्टाने २००७ साली सरवणा स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात हेच ठरवलं.

रक्कम लहान आहे म्हणून वस्तू आपोआप खर्ची पडत नाही. पूर्वी ५,००० पर्यंतच्या मशीनरीला तशी सवलत होती, आता आयकरात तशी मर्यादा नाही. ४,००० चा वजनकाटासुद्धा मशीनरीत, १५ टक्क्यांनी.

टिनाचं शेड भाड्याचं असेल आणि त्यात तुम्ही पक्की भिंत किंवा नवी फरशी केली, तर तो खर्च तुमच्याच इमारतीसारखा धरून १० टक्क्यांनी घसारा मिळतो. पावसाळ्याआधी गळके पत्रे बदलले तर ते त्याच वर्षी खर्ची. बिलावर ‘शेडचं काम’ असं मोघम लिहून घेऊ नका. किती पत्रे बदलले आणि भिंत किती फूट नवी, हे वेगवेगळं लिहून घ्या.