पलंगापासून बाथरूमपर्यंतची अकरा पावले

आई कायमची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी सर्वप्रथम तिच्या पलंगापासून बाथरूमपर्यंतची पावले मोजली. ती अकरा भरली. रात्री अर्धवट झोपेत, घाईने चालली जाणारी हीच वाट सर्वांत धोक्याची असते, म्हणून तयारीही तिथूनच करावी.

पहिले काम आधाराच्या दांड्यांचे. टॉवेल अडकवायची दांडी हा आधार नव्हे. माणसाचा भार आला की ती स्क्रूसकट निघून येते. रबरी चकतीने टाइलला चिकटणाऱ्या दांड्याही ओलाव्याने कधी सुटतील याचा नेम नसतो. स्टीलची, सव्वा ते दीड इंच जाडीची, मुठीत नीट मावणारी दांडी घ्यावी आणि ती कुठे बसवायची हे प्लंबरला ठरवू देऊ नये. मी आईला कमोडवर बसून उठायला सांगितले; उठताना तिचा हात आपोआप जिथे टेकला, तिथे पेन्सिलने खूण केली. ती जागा प्लंबरने सुचवलेल्या जागेपेक्षा चार बोटे खाली निघाली. भोक पाडण्याआधी टाइलवर बोटाने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला तर तिथे दांडी धरणार नाही. भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल, तर साध्या प्लास्टिकच्या प्लगवर विसंबू नये, त्या भिंतीसाठीचेच फास्टनर वापरावेत. दांडी बसल्यावर आपण स्वतः सगळा भार टाकून ती ओढून पाहावी आणि जराही हलली तर पुन्हा बसवून घ्यावी.

उजेडासाठी पलंगावरून हात पोहोचेल असे बटण हवे, आणि वाटेत गुडघ्याच्या उंचीवर, चाहूल लागताच लागणारा मंद दिवा हवा. छतावरचा प्रखर दिवा एकदम लावला तर डोळे दिपतात आणि बाथरूमचा उंबरा नेमका दिसत नाही. त्या उंबऱ्याच्या कडेला मी पिवळी पट्टी चिकटवली, कारण पांढऱ्या फरशीवर पांढरा संगमरवर आईला वेगळा दिसतच नव्हता. वीज जाते तिथे उशाशी टॉर्च ठेवावा.

पायात सैल स्लिपर नको, आणि गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे तर मुळीच नकोत. टाचेमागे पट्टा असलेली, पातळ पण घट्ट, खरबरीत तळाची चप्पल घरात वापरायला द्यावी.

फरशीवरची सुटी पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाकाव्यात. आंघोळीनंतर साबणाचा थर ब्रशने घासून काढावा आणि पाणी वायपरने ओढून घ्यावे. आईला तेल लावून न्हाण्याची सवय आहे. ती मी मोडली नाही, मात्र तेल आता खोलीत खुर्चीवर बसून लावतो, तळपाय पुसतो आणि न्हाणे रबरी पायांच्या उंच स्टुलावर बसूनच होते. पाटावरून उठताना तिचा तोल जात असे.