बंद टाकीची पातळी हळूहळू कमी दाखवत होती: माझा अनुभव

९५ अंश सेल्सिअस पाण्याच्या बंद टाकीवरील, खालच्या व वरच्या टॅपिंगमधील दाबाच्या फरकावरून पातळी मोजणारा डीपी ट्रान्समीटर दर आठवड्याला सुमारे २० टक्के कमी पातळी दाखवू लागे, मात्र दर्शक काचेतील पाणी जागचे हलत नसे. झीरो ट्रिम केली, ट्रान्समीटर बदलला. वाफेमुळे अल्ट्रासॉनिकचा प्रतिध्वनीही हरवला. तीन वेळा तेच करून मी वैतागलो होतो.

अखेर वरच्या टॅपिंगपासून ट्रान्समीटरच्या लो बाजूला येणारी नळी उघडली, तेव्हा कोरडी असायला हवी ती ४०० मिमी पाण्याने भरलेली निघाली. वाफ तिथे थंड होऊन साचत होती आणि तेवढा दाब मोजमापातून वजा होत होता.

म्हणून ती नळी कायमची भरलेली ठेवायचे ठरवले. लूप मॅन्युअलवर घेऊन दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केले, इक्वलायझर उघडून झीरो ट्रिम केली आणि इक्वलायझर पुन्हा बंद केला. तो उघडा राहिल्यास नळीतले पाणी टाकीत उतरते. टाकी दाबमुक्त व थंड असताना लो बाजूचा ब्लॉक उघडून वरच्या टी-जोडातून पाणी ओतले आणि व्हेंटमधून बुडबुडे थांबेपर्यंत थांबलो. मग व्हेंट व टी-जोड बंद करून हाय बाजूचा ब्लॉक उघडला.

टॅपिंगमधील अंतर २००० मिमी, नळीतल्या थंड पाण्याची सापेक्ष घनता १ आणि टाकीतल्या गरम पाण्याची ०.९६२ असल्याने रेंज, म्हणजे ० टक्के पातळीचे LRV आणि १०० टक्के पातळीचे URV, अशी भरली:

```
LRV = -2000 mmH2O
URV = 1924 - 2000 = -76 mmH2O
```

टाकी थंड असताना मात्र पूर्ण पातळीला हे वाचन सुमारे १०४ टक्के येते.